बेरीज जुळली, तरी नकाशा चुकलेला

पुण्याच्या कसबा किंवा सदाशिव पेठेतून चालताना एक गोष्ट आपल्या सहज लक्षात येते. वाड्याला वाडा लागलेला असतो. मध्ये कुंपण नसते, मोकळी जागा नसते. असलीच तर एक भिंत असते आणि ती कोणाची हे दोन्ही घरांना पक्के ठाऊक असते (निदान तसे त्यांना वाटते). जमिनीवर या मिळकतींच्या मध्ये फट नाही आणि एकीची जमीन दुसरीवर चढलेलीही नाही. पण हाच भाग नकाशावरून संगणकात उतरवला की फटी दिसू लागतात, मिळकती एकमेकींवर चढतात आणि कोठून तरी सुतासारखे लांबट तुकडे उगवतात. असा नकाशा तसाच ठेवून क्षेत्रफळांचे कोष्टक केले तर काय होते, आणि तो दुरुस्त कसा करावा, ते आज आपण एका छोट्या उदाहरणावरून पाहू. कागद, पेन्सिल आणि पट्टी जवळ घ्या.

पेठेतील चार मिळकतींचा एक तुकडा आपण कल्पनेने घेऊ. त्याची बाहेरची हद्द पूर्व-पश्चिम ३० मीटर व दक्षिण-उत्तर २० मीटर, म्हणजे क्षेत्रफळ ६०० चौरस मीटर. नैर्ऋत्येच्या कोपऱ्याला (०, ०) म्हणू. पहिला आकडा पूर्वेकडचे अंतर, दुसरा उत्तरेकडचे. पश्चिमेकडून ओळीने अ, ब, क आणि ड अशा चार मिळकती आहेत आणि रस्ता दक्षिणेला आहे. अ आणि ब यांच्यामधली हद्द जराशी तिरपी आहे: रस्त्याजवळ ती (१०, ०) पासून निघते आणि मागे (९.७, २०) ला पोचते. जुन्या पेठांत सरळ काटकोनात असलेली भिंत सापडणे कठीणच. ब आणि क यांच्यामधली हद्द १८ मीटरवर आणि क व ड यांच्यामधली २४ मीटरवर सरळ उभी आहे. मिळकत पत्रिकेवर क्षेत्रे अशी: अ १९७, ब १६३, क १२० आणि ड १२० चौरस मीटर. बेरीज ६००.

आता हा नकाशा संगणकात घालणाऱ्याने प्रत्येक मिळकत स्वतंत्रपणे काढली. अ चारही बाजूंनी काढली, मग ब चारही बाजूंनी काढली, आणि असेच पुढे. म्हणजे अ-ब ही एकच हद्द दोनदा काढली गेली. पहिल्या वेळी ती बरोबर तिरपी आली. ब काढताना मात्र हात सरळ वर गेला आणि तीच हद्द (१०, ०) पासून (१०, २०) पर्यंत उभी झाली. क-ड या हद्दीचेही तसेच झाले: ड काढताना ती बरोबर २४ वर उभी आली, क काढताना मागचा कोपरा (२४.३, २०) वर टेकला.

बहुभुजाचे क्षेत्रफळ शिरोबिंदूंवरून काढण्याची रीत तुम्हांला माहीत असेल. एका बिंदूचा पूर्वेकडचा आकडा आणि पुढच्या बिंदूचा उत्तरेकडचा आकडा यांचा गुणाकार घ्यायचा, त्यातून उलटा गुणाकार वजा करायचा, सर्व बाजूंची अशी बेरीज करून निम्मी करायची. फिरायचे मात्र घड्याळाच्या काट्यांच्या उलट. अ साठी बिंदू (०, ०), (१०, ०), (९.७, २०), (०, २०). पहिल्या आणि शेवटच्या बाजूचे उत्तर शून्य येते. दुसऱ्या बाजूचे १० × २० − ९.७ × ० = २०० आणि तिसऱ्या बाजूचे ९.७ × २० − ० × २० = १९४. बेरीज ३९४, तिच्या निम्मे १९७. याच रीतीने संगणकातल्या ब चे १६०, क चे १२३ आणि ड चे १२० येते; करून पाहा.

आता बेरीज करा. १९७ + १६० + १२३ + १२० = ६००. अगदी तंतोतंत जुळली!

येथेच पुष्कळ जण फसतात. बाहेरच्या हद्दीचे क्षेत्र ६००, मिळकतींची बेरीज ६००, तेव्हा नकाशा बरोबर, असा निष्कर्ष काढून वही मिटतात. प्रत्यक्षात अ आणि ब यांच्यामध्ये एक लांबट त्रिकोणी फट आहे: पाया ०.३ मीटर, उंची २० मीटर, क्षेत्रफळ ३ चौरस मीटर. आणि क व ड यांच्यामध्ये तेवढाच ३ चौरस मीटरचा भाग दोघांच्याही नावावर पडला आहे. फटीमुळे बेरीज ३ ने घटली, दुहेरी भागामुळे ३ ने वाढली, आणि दोन चुकांनी एकमेकींना झाकून टाकले. ब ला तिच्या हक्काची ३ चौरस मीटर जमीन मिळाली नाही, क ला नसलेली मिळाली. तीन चौरस मीटर म्हणजे सुमारे ३२ चौरस फूट, पेठेतले एक न्हाणीघर. शिवाय बांधकाम किती करता येईल हे चटई क्षेत्र निर्देशांकाने, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्राला गुणून ठरते, तेव्हा ही चूक मजल्यामजल्यावर चढत जाते.

मग ही झाकलेली चूक ओळखायची कशी? एक तिसरा आकडा लागतो. चारही मिळकती एकत्र धरल्या तर त्यांनी प्रत्यक्ष किती जमीन झाकली, हा तो आकडा. जेथे दोन मिळकती एकमेकींवर आल्या आहेत तेथली जमीन एकदाच मोजायची. तुम्ही प्रत्येक मिळकत आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने भरलीत आणि मग भरलेले चौकोन मोजलेत तर हाच आकडा मिळेल. याला आपण झाकलेले क्षेत्र म्हणू. आपल्या उदाहरणात ते ५९७ येते. आता

हद्दीचे क्षेत्र − झाकलेले क्षेत्र = फटी, म्हणजे ६०० − ५९७ = ३.

मिळकतींची बेरीज − झाकलेले क्षेत्र = दुहेरी भाग, म्हणजे ६०० − ५९७ = ३.

दोन्ही चुका वेगवेगळ्या उघड्या पडल्या. येथे दोन सावधगिरीच्या सूचना द्यायला हव्यात. एक, हद्दीचे क्षेत्र स्वतंत्र मोजणीवरून आलेले असावे. मिळकती जोडून त्यांच्याच कडेवरून हद्द काढली, तर कडेच्या चुका कधीच दिसणार नाहीत. ते स्वतःच्या उत्तराने स्वतःचे गणित तपासल्यासारखे होईल. दुसरी, एखादा भाग तीन मिळकतींखाली आला असेल तर वजाबाकीत तो दोनदा मोजला जातो. अशा जागा क्वचितच असतात, पण चार कोपरे एकत्र येतात तेथे त्या शोधाव्यात.

समजा आपण काही दुरुस्ती न करता हा नकाशा पुढे पाठवला, आणि तेथे कोणी रस्त्यांच्या किंवा वॉर्डांच्या नकाशाशी त्याचा मेळ घातला. असा मेळ घालताना संगणक सर्व रेषा एकत्र करून प्रत्येक बंद जागेचा वेगळा तुकडा पाडतो. आपल्या चार मिळकतींचे आता सहा तुकडे होतात: १९७, ३, १६०, १२०, ३ आणि ११७. यांतले ३ चौरस मीटरचे दोन तुकडे म्हणजे चिरफळ्या. इंग्रजी पुस्तकांत त्यांना स्लिव्हर म्हणतात. बेरीज अजूनही ६००. पण सरासरी मिळकत १५० ऐवजी १०० चौरस मीटरची झाली. क्रमाने लावून मधला आकडा काढला तर खरा १४१.५ यायला हवा, तो ११८.५ आला. आणि कोणी विचारले, की १०० चौरस मीटरपेक्षा लहान मिळकती किती, तर खरे उत्तर एकही नाही असे असताना आपण सांगणार सहापैकी दोन, म्हणजे ३३ टक्के! फार लहान मिळकतींचे एकत्रीकरण करावे की काय, असे प्रश्न अशाच टक्केवारीवरून निघतात. तेव्हा चिरफळ्यांचे क्षेत्रफळ नगण्य असले तरी त्यांची संख्या नगण्य नसते. पुणे शहराएवढ्या नकाशात त्या हजारोंनी असू शकतात.

अशा फटी येतात तरी का? हात हलला हे एक कारण झाले. दुसरी कारणे नकाशाच्या इतिहासातच आहेत. पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जमीन मोजणीची जी पद्धत बसवली, ती पुढे मुंबई इलाख्यात सर्वत्र गेली. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. ३३ फूट लांब व तितक्याच रुंद चौरसाचा एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. शंकू-साखळीने प्रत्येक सर्व्हे नंबर मोजून त्याचे वेगळे टिपण काढले जाई. दोन शेजारी नंबरांच्या टिपणांत मधला बांध दोनदा येतो. टिपणे स्वतंत्र असतात तोवर काही बिघडत नाही. ती जोडून एक नकाशा करायला बसले, की त्या एकाच बांधाच्या दोन रेषा समोर येतात.

त्यात पुण्याची गंमत अशी, की येथे निरनिराळ्या काळचे नकाशे एकमेकांना येऊन भिडतात. पेठांत सिटी सर्व्हे नंबर, शिवाजीनगर-एरंडवण्याकडे नगररचना योजनांचे अंतिम भूखंड, आणि त्यापलीकडे गावांचे सर्व्हे नंबर व गट. २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे महापालिकेच्या हद्दीत आली, तेव्हा या गावनकाशांच्या कडाही शहराच्या नकाशांशी जुळवण्याची वेळ आली. या नकाशांची प्रमाणे वेगळी. त्याचा परिणाम किती होतो हे साध्या गणिताने कळेल. नकाशावरची शाईची रेषा ०.३ मिलिमीटर जाड आहे असे धरू. १:५०० प्रमाणाच्या नकाशावर ती जमिनीवरच्या १५ सेंटिमीटर रुंद पट्ट्याएवढी होते. पण एका मैलाला आठ इंच, म्हणजे १:७९२० या प्रमाणाच्या गावनकाशावर तीच रेषा जवळजवळ २.४ मीटर रुंद होते! दोनशे मीटर लांबीच्या बांधावर त्या रेषेखाली सुमारे ४७५ चौरस मीटर जमीन दडलेली असते, साडेचार गुंठ्यांहून अधिक. रेषेच्या या कडेवरून काढले की त्या कडेवरून, एवढ्याने हा फरक पडतो. म्हणून गावनकाशावरून काढलेल्या क्षेत्राचे दशांश चिन्हानंतरचे आकडे लिहिण्यात काही अर्थ नाही.

तिसरे कारण कागद. जुना कागद आखडतो, आणि उभा-आडवा सारखा आखडत नाही. लांबीत व रुंदीत एकेक टक्का घट झाली तर क्षेत्रात जवळजवळ दोन टक्क्यांची होते. दोन शेजारी पत्रके वेगवेगळी आखडली असतील तर कडा जुळणारच नाहीत. ही चूक मात्र सर्व मिळकतींना सारखी लागू असल्याने तिचा उपाय सोपा आहे: ज्यांची खरी जागा मोजलेली आहे असे पक्के बिंदू घेऊन सबंध पत्रक ताणून बसवायचे. हे काम सर्वांत आधी करावे. पत्रक न ताणताच फटी बुजवत बसणे म्हणजे आखूड सदऱ्याला ठिगळे लावून तो मोठा करण्यासारखे आहे.

आता दुरुस्तीकडे वळू. पहिला प्रश्न चिरफळी आणि खरी अरुंद जागा यांच्यात फरक कसा करायचा. पेठेत दोन वाड्यांमध्ये बोळ असतो. कधी तो एवढा अरुंद असतो, की समोरून सायकल आली तर एकाला मागे सरावे लागते. नकाशात तो फटीसारखाच दिसतो, पण तो खरा आहे. संगणकाच्या कार्यक्रमांत सहसा आकाराचा एक निर्देशांक वापरतात: क्षेत्रफळाला ४π ने गुणून परिमितीच्या वर्गाने भागायचे. वर्तुळाचा निर्देशांक १ येतो, चौरसाचा ०.७८५. आपल्या क मिळकतीचा (६ × २० मीटर) ०.५६ येतो आणि त्रिकोणी फटीचा केवळ ०.०२३. क्यू.जी.आय.एस. या विनामूल्य कार्यक्रमात हेच सूत्र असे टंकावे लागते:

```
4 * pi() * area($geometry) / (perimeter($geometry) ^ 2)
```

पण केवळ निर्देशांकावर विसंबू नका. एक मीटर रुंद व २० मीटर लांब बोळाचा निर्देशांक ०.१४ येतो, तोच बोळ ४० मीटर लांब असला तर ०.०७५ वर उतरतो. आणखी लांब असला तर चिरफळीच्या रांगेत जाऊन बसेल. लांबी वाढली म्हणून बोळ काही खोटा होत नाही. म्हणून मला दुसरे माप अधिक पसंत आहे: क्षेत्रफळाला अर्ध्या परिमितीने भागा. लांबट तुकड्याची ती जवळजवळ सरासरी रुंदीच असते. फटीची येते १५ सेंटिमीटर, बोळाची ९५ सेंटिमीटर, मग तो कितीही लांब असो साधारण तेवढीच. आणि १५ सेंटिमीटर हा आकडा ओळखीचा वाटला का? १:५०० च्या नकाशावर तेवढीच तर शाईची जाडी होती. जो तुकडा रेषेच्या जाडीएवढाच रुंद आहे, तो रेषा काढताना उत्पन्न झाला असण्याचा संभव फार. जो त्याच्या सहापट रुंद आहे, तो जागेवर जाऊन पाहावा.

दुसरा प्रश्न जोडणीचा. जवळजवळचे कोपरे एकमेकांना चिकटवण्याची सोय सर्व कार्यक्रमांत असते. किती जवळचे कोपरे चिकटवायचे ते अंतर आपण सांगायचे. याला जोड-अंतर म्हणू. ते फार लहान ठेवले तर फटी तशाच राहतात. फार मोठे ठेवले तर मजा होते: बोळाच्या दोन्ही कडा एकमेकींना जाऊन चिकटतात आणि नकाशावरून बोळ नाहीसा होतो, किंवा एखाद्या लहान मिळकतीचे दोन कोपरे एक होऊन ती त्रिकोणी बनते. तेव्हा वरची मर्यादा जमिनीवरून ठरवावी आणि खालची नकाशावरून. त्या भागातला सर्वांत अरुंद बोळ ९० सेंटिमीटरचा असेल तर जोड-अंतर त्याच्या निम्म्याहून, म्हणजे ४५ सेंटिमीटरांहून, कमी हवे. उलट दोन वेळा काढलेल्या रेषेत प्रत्येकी १५ सेंटिमीटर चूक धरली तर ते ३० हून कमी असून चालणार नाही. ३५ सेंटिमीटर घेता येतील. आणि १:७९२० चा नकाशा असेल तर? तेथे एका रेषेची जाडीच २.४ मीटर आहे. तो बोळ त्या नकाशावर मुळी वेगळा काढताच येत नाही. अशा नकाशावरून पेठेतल्या मिळकतींची क्षेत्रे काढू नयेत, एवढेच उत्तर.

जोड-अंतराने कोपरे एक होतात खरे, पण कोणता कोपरा कोणाकडे सरकला? आपल्या फटीचे मागचे कोपरे (९.७, २०) आणि (१०, २०) यांत ३० सेंटिमीटर अंतर आहे. कार्यक्रम यांतला कोणता हलवील हे पुष्कळदा कोणती मिळकत यादीत आधी आहे यावर अवलंबून असते. हा काही न्याय नव्हे. म्हणून मोजणीने पक्के झालेले कोपरे आधी अचल करून ठेवावेत आणि बाकीच्यांनी त्यांच्याकडे यावे.

फट बुजवण्याची आणखी एक रूढ रीत आहे. फटीची सर्वांत लांब बाजू ज्या शेजाऱ्याला लागून असेल त्याला ती देऊन टाकायची. ऐकायला वाजवी वाटते. आपल्या उदाहरणात लावून पाहू. फटीची ब कडची बाजू उभी, बरोबर २० मीटर. अ कडची तिरपी, पायथागोरसच्या सिद्धांताने २०.००२ मीटर. अवघ्या दोन मिलिमीटरांनी अ जिंकली! तिला ३ चौरस मीटर मिळून तिचे क्षेत्र २०० झाले, ब चे १६० राहिले. आकडे कसे गोल आणि सुबक दिसतात. पण मिळकत पत्रिका अ ला १९७ सांगते आणि ब ला १६३. क-ड च्या दुहेरी भागाला हीच रीत लावली तर तो ड कडे जातो आणि तेथे मात्र उत्तर बरोबर येते. म्हणजे दोनपैकी एक बरोबर, एक चूक. नाणे उडवले असते तरी काय वेगळे झाले असते? ज्या फटी रेषेच्या जाडीच्या आत आहेत आणि आकडेवारीलाच काय त्या उपयोगी आहेत, त्यांना ही रीत चालेल. ज्यांची रुंदी त्याहून जास्त, त्या एकेक करून मोजणीच्या नोंदीशी ताडून पाहाव्यात. आपल्या बाबतीत अ ची मागची रुंदी ९.७० मीटर नोंदलेली आढळली की वाद मिटला: तिरपी रेषा खरी, ब चा कोपरा सरकवायचा.

एक बारीक चूक अशी आहे की जोड-अंतराने ती जातच नाही. समजा अ च्या पूर्वेला एकच ब नसून पुढे-मागे दोन लहान मिळकती आहेत आणि त्यांच्यामधली हद्द अ च्या रेषेवर मध्येच येऊन टेकते. त्या दोघींना तेथे कोपरा आहे. अ ला नाही, तिची रेषा सरळ गेली आहे. आकडे सेंटिमीटरपर्यंत लिहिताना तो कोपरा रेषेपासून एक सेंटिमीटर बाजूला पडला, तर २० मीटर पायाचा व १ सेंटिमीटर उंचीचा त्रिकोण तयार होतो: ०.१ चौरस मीटर. डोळ्यांना दिसणार नाही, पण तुकडा म्हणून मोजला जाईल. चिकटायला समोर कोपराच नसल्याने तो चिकटतही नाही. उपाय म्हणजे अ च्या रेषेवरही त्याच जागी एक बिंदू घालायचा. क्यू.जी.आय.एस. मधल्या Topology Checker या साधनात must not have gaps आणि must not overlap हे दोन नियम लावले की फटी, दुहेरी भाग आणि अशा जागाही यादीने समोर येतात.

खरे तर या साऱ्या खटाटोपाचे मूळ एकच आहे: एक हद्द दोनदा काढली. ती एकदाच काढली तर? हा विचार अमेरिकेत जनगणनेच्या कामात पुढे आला. १९७० च्या जनगणनेसाठी तेथे डाइम नावाची पद्धत बसवण्यात आली. तीत रस्त्याचा प्रत्येक तुकडा एकदाच नोंदत आणि त्याच्या डाव्या हाताला कोणता गट, उजव्या हाताला कोणता, हे त्याच्यापुढे लिहीत. आपली अ-ब हद्द तशी लिहू: आरंभ (१०, ०), शेवट (९.७, २०), डावीकडे अ, उजवीकडे ब. आपण उत्तरेकडे तोंड करून चाललो आहोत, तेव्हा डावा हात पश्चिमेला.

आता क्षेत्रफळाची वरची रीत आठवा. या रेषेचा गुणाकार १० × २० − ९.७ × ० = २००. तो डावीकडच्या अ मध्ये मिळवायचा आणि उजवीकडच्या ब मधून वजा करायचा. ब च्या बाजू घ्या: दक्षिणेची ०, पूर्वेची १८ × २० = ३६०, उत्तरेची १८ × २० − ९.७ × २० = १६६, आणि पश्चिमेची हीच सामाईक रेषा, −२००. बेरीज ३२६, निम्मे १६३. पत्रिकेवरचाच आकडा! सर्व मिळकतींची बेरीज करताना आतल्या प्रत्येक रेषेचा आकडा एकदा अधिक आणि एकदा उणे येऊन नाहीसा होतो. उरतात फक्त बाहेरच्या हद्दीचे आकडे. म्हणून या पद्धतीत फट किंवा दुहेरी भाग उत्पन्नच होऊ शकत नाही, आणि बेरीज जुळणे ही येथे योगायोगाची गोष्ट राहत नाही. अर्थात रेषा चुकीच्या जागी काढली तर ती चुकीच्याच जागी राहते; फक्त एकाचे जेवढे जाते तेवढेच दुसऱ्याला मिळते.

दुरुस्तीनंतर आपल्या तुकड्याचे आकडे असे: हद्द ६००, बेरीज ६००, झाकलेले क्षेत्र ६००, मिळकती चार, आणि एकेकीचे क्षेत्र पत्रिकेशी ताडलेले. प्रत्यक्ष कामात हा शेवटचा मेळ इतका चोख बसत नाही. नकाशावरून काढलेले क्षेत्र आणि नोंदीतले क्षेत्र यांत थोडा फरक राहतोच. तो घालवण्यासाठी रेषा ओढून-ताणून आकडे जुळवण्याचा मोह होतो. तो आवरावा. फरक वेगळ्या स्तंभात लिहावा, आणि कोणता कोपरा किती व कशाच्या आधारे हलवला याची टीप ठेवावी. मालकीचा प्रश्न आला तर नकाशावरचे गणित चालत नाही. तेथे भूमि अभिलेख खात्याची मोजणीच लागते.

करून पाहा: एका तुकड्याची स्वतंत्र मोजणीने आलेली हद्द ९०० चौरस मीटर आहे. त्यातल्या मिळकतींची बेरीज ९०३ आणि झाकलेले क्षेत्र ८९८ येते. फटी किती व दुहेरी भाग किती? बेरजेतला ३ चा फरक सर्व मिळकतींतून प्रमाणात वजा करून टाकावा, असे तुमच्या मित्राने सुचवले, तर आणखी काय काय चुकेल? (पहिल्या प्रश्नाचे उत्तर: फटी २, दुहेरी भाग ५ चौरस मीटर.)